ठिपक्याचा रंग आणि चेंडूची ऊब

स्क्वॉशचा चेंडू पहिल्यांदा हातात घेणाऱ्या माणसाला तो बिघडलेला वाटतो. डबीतून काढून जमिनीवर टाकला तर जेमतेम उसळतो आणि दोन-तीन टप्प्यांत गप्प बसतो. टेनिसचा चेंडू 254 सेंटिमीटर उंचीवरून सोडला तर निम्म्याहून जास्त वर येतो. त्याच उंचीवरून सोडलेल्या स्क्वॉशच्या स्पर्धेच्या चेंडूकडून जागतिक स्क्वॉश महासंघाच्या मानकात मागणी आहे ती फक्त 12 टक्क्यांची, म्हणजे सुमारे 30 सेंटिमीटरची. हे झालं 23 अंश सेल्सिअसला, म्हणजे साधारण थंड खोलीत. मात्र तोच चेंडू 45 अंशांना नेऊन पुन्हा सोडला, तर तो 25 ते 30 टक्के, म्हणजे 63 ते 76 सेंटिमीटर वर यायला हवा, असं तेच मानक सांगतं. या खेळाचा चेंडू दोन वेगवेगळ्या तापमानांना तपासला जातो, यातच त्याचं खरं वैशिष्ट्य आहे. तो गरम होऊन खेळण्यासाठीच बनवलेला आहे.

चेंडूवरचा रंगीत ठिपका या पार्श्वभूमीवर वाचायला हवा. आपल्याकडच्या क्लबांमध्ये ठिपक्यांकडे इयत्तांसारखं पाहिलं जातं: निळा शिकाऊंचा, लाल त्याच्या पुढचा, एक पिवळा बऱ्यापैकी खेळणाऱ्यांचा आणि दोन पिवळे, म्हणजे ‘डबल डॉट’, खऱ्या खेळाडूंचा. त्यामुळे रॅकेट घेतल्यावर पहिल्याच महिन्यात डबल डॉट विकत घेणारे पुष्कळ. माझं म्हणणं असं की ठिपका खेळाडूची इयत्ता सांगत नाही. या चेंडूला जिवंत ठेवायला किती उष्णता लागेल, हे तो सांगतो. ती उष्णता तुमच्या फटक्यांतून आणि तुमच्या कोर्टातून येणार आहे की नाही, यावर कुठला ठिपका घ्यायचा ते ठरतं.

आधी रंगांचा हिशेब उरकू. जुन्या पद्धतीत पिवळा म्हणजे अतिमंद, पांढरा किंवा हिरवा म्हणजे मंद, लाल म्हणजे मध्यम आणि निळा म्हणजे वेगवान. इथे ‘वेगवान’ म्हणजे जास्त उसळणारा आणि टप्प्यानंतर जास्त वेग टिकवणारा. बरेच नवखे याचा उलटा अर्थ लावतात. ‘मंद’ चेंडू खेळायला सोपा असेल असं त्यांना वाटतं, पण मंद चेंडू लवकर खाली बसतो आणि त्याच्यापर्यंत पोहोचायला पळावं लागतं. बराच काळ मोठ्या स्पर्धा एका पिवळ्या ठिपक्याच्या चेंडूने खेळल्या जात. 2000च्या सुमारास त्याहून मंद असा दुहेरी पिवळा आला आणि स्पर्धांचा चेंडू तोच झाला. व्यावसायिक खेळाडू चेंडू इतका तापवतात की एका पिवळ्याची उसळी त्यांना जास्त होते. समोरच्या भिंतीजवळ अलगद टाकलेला ड्रॉपही मग वर येतो आणि प्रतिस्पर्धी धावत येऊन तो उचलतो. आक्रमणाला फळ मिळावं म्हणून उसळी उतरवणं भाग होतं.

आज बाजारात सर्वांत जास्त दिसणाऱ्या डनलॉपच्या मालिकेत चार चेंडू आहेत. दुहेरी पिवळ्याला पाया मानून कंपनी सांगते, की एका पिवळ्याचा चेंडू हवेत 10 टक्के जास्त वेळ राहतो, लाल 20 टक्के आणि निळा 40 टक्के. लाल चेंडू आकारानेही 6 टक्के मोठा आहे आणि निळा 12 टक्के. दुहेरी पिवळ्याचा व्यास 40 मिलिमीटर आणि वजन 24 ग्रॅमच्या आसपास असतं, अर्ध्या-एक एककाचा फरक चालतो. हलक्या हाताच्या मुलाला मोठा चेंडू मारायला सोपा जातो आणि दिसतोही नीट. महासंघाने काटेकोर मानक फक्त पिवळ्या चेंडूला लावलं आहे. शिकाऊंच्या चेंडूंसाठी शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणून एका कंपनीचा लाल आणि दुसरीचा लाल यांत फरक निघाला तर नवल मानू नये.

शिफारशीतला शिकाऊंच्या चेंडूचा आकडा मात्र थांबून पाहण्यासारखा आहे. अगदी नवशिक्यांचा चेंडू 23 अंशांना किमान 17 टक्के उसळावा आणि 45 अंशांना 36 ते 38 टक्के. सेंटिमीटरमध्ये मांडलं तर थंड असताना 43 आणि तापल्यावर 91 ते 97. आता हे दुहेरी पिवळ्याच्या शेजारी ठेवून पाहा. तापलेला दुहेरी पिवळा 63 ते 76 सेंटिमीटर उसळतो. थंड शिकाऊ चेंडू त्या अटीवर 43 सेंटिमीटर उसळला तरी पुरे. म्हणजे सर्वांत ‘वेगवान’ ठिपक्याचा थंड चेंडू सर्वांत मंद ठिपक्याच्या तापलेल्या चेंडूपेक्षा कितीतरी खाली राहू शकतो. एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जाताना उसळी थोडी बदलते, पण थंड ते गरम या प्रवासात तीच उसळी दुपटीहून वाढते. दुकानात आपण रंगावर जेवढा विचार करतो, त्याच्या निम्मा विचारही कोर्टावर तापमानाचा करत नाही. (कंपनीची टक्केवारी हवेत राहण्याच्या वेळेची आहे आणि महासंघाची उसळीच्या उंचीची. वेळ उंचीच्या वर्गमुळाने वाढतो, शिवाय चाचण्याही वेगळ्या. त्यामुळे हे दोन आकडे एकमेकांवर बसवायचा प्रयत्न करू नये.)

उसळीतला हा फरक खेळणाऱ्याला वेळेच्या रूपात भेटतो. 30 सेंटिमीटर वर जाऊन खाली येणारा चेंडू पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यामध्ये अर्धा सेकंद घेतो. 70 सेंटिमीटर जाणारा पाऊण सेकंद. पाव सेकंदाचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण क्लबातला धावणारा खेळाडू तेवढ्यात साधारण एक मीटर कापतो. स्क्वॉशचं कोर्ट 9.75 मीटर लांब आणि 6.4 मीटर रुंद. मधल्या टी-पासून पुढच्या कोपऱ्यात झेपावताना एक मीटर म्हणजे चेंडू उचलला जाणं आणि न उचलला जाणं यांतलं अंतर.

आता मुळाशी जाऊ. ऊब मिळाली की चेंडू का उसळतो? आतली हवा गरम होऊन फुगते, असं उत्तर बहुतेक जण देतात. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. चेंडूतली हवा 23 अंशांवरून 45 वर गेली, तर निरपेक्ष तापमान 296 केल्व्हिनवरून 318 वर जातं आणि दाब वाढतो तो जास्तीत जास्त सात टक्क्यांनी. उसळी मात्र दुपटीहून वाढते. एवढी वाढ सात टक्के दाबातून निघणार नाही. मोठा वाटा रबराचा आहे.

चेंडूची भिंत जाड रबराची असते. कच्च्या रबरात कृत्रिम रबर आणि निरनिराळ्या पुडी मिसळून दोन अर्धगोल दाबून काढतात, ते चिकटवतात आणि वरचा पृष्ठभाग घासून खरबरीत करतात. हे मिश्रण मुद्दाम ‘आळशी’ ठेवलेलं असतं. रबर म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या लांबच लांब साखळ्या. चेंडू भिंतीवर आदळून चपटा होतो तेव्हा या साखळ्या एकमेकींना घासत सरकतात आणि काही मिलिसेकंदांत त्यांना परत जागेवर यायचं असतं. थंड रबरात त्यांची हालचाल अडखळते. आदळण्याची बरीचशी ऊर्जा या अंतर्गत घर्षणात खर्च होते आणि परत फेकायला थोडीच उरते. तापल्यावर साखळ्या मोकळ्या हलतात, घर्षण कमी होतं आणि परतावा वाढतो. जी ऊर्जा उसळीतून वजा झाली ती हवेत विरत नाही, ती रबरातच उष्णता होऊन राहते. चेंडू तापतो तो त्याच्या स्वतःच्या आळसामुळेच.

या एका गोष्टीतून खेळाला लागणारी बरीच उत्तरं निघतात. चेंडू जसजसा तापतो तसतशी प्रत्येक आदळण्यात वाया जाणारी ऊर्जा घटते, म्हणजे पुढचं तापणंही मंदावतं. दुसरीकडे तो भिंतीपेक्षा आणि हवेपेक्षा जितका जास्त गरम, तितक्या वेगाने उष्णता बाहेर टाकतो. कुठेतरी या दोन्ही गोष्टी बरोबरीला येतात आणि चेंडूचं तापमान स्थिरावतं. मानकातले 45 अंश अशाच स्थिरावलेल्या चेंडूसाठी धरलेले आहेत. पण ती बरोबरी किती अंशांवर होईल हे दोन गोष्टींवर ठरतं: तुम्ही किती जोरात आणि किती सलग मारता, आणि कोर्ट किती गरम आहे.

एक उदाहरण आकड्यांसकट करून पाहू. आकडे ढोबळ आहेत, पण चित्र स्पष्ट होतं. जानेवारीतली पुण्याची सकाळ, बंद कोर्टातलं तापमान 14 अंश, पिशवीत रात्रभर पडलेला दुहेरी पिवळा. 24 ग्रॅम रबर एक अंशाने तापवायला सुमारे 43 ज्यूल लागतात. 14 वरून 45 वर न्यायचं, म्हणजे 31 अंश, म्हणजे साधारण 1,300 ज्यूल. आता एक खणखणीत ड्राइव्ह ताशी 108 किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला 30 मीटरचा धरू. त्या चेंडूत सुमारे 11 ज्यूल गतिज ऊर्जा असते. भिंत आणि जमीन मिळून त्यातले आठ-नऊ ज्यूल रबरात मुरतात असं धरलं, तर एका फटक्यात चेंडू जेमतेम एक पंचमांश अंशाने तापतो. तेव्हा उष्णता कुठेही गळाली नाही असं मानलं तरी दीडशेच्या वर जोरदार फटके हवेत.

आता फटका निम्म्या वेगाने मारून पाहा. सेकंदाला 15 मीटर. ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते, म्हणून ती निम्मी न होता पाव होते, तीनच्या आत. रबरात मुरणार दोन-सव्वादोन ज्यूल. त्याच कामाला सहाशे फटके लागतील, आणि तोवर भिंत आणि हवा आपली उष्णता काढून घेतच राहणार, म्हणजे तो चेंडू तिथवर पोहोचणारच नाही. गप्पा मारत, हलक्या हाताने चेंडू इकडून तिकडे ढकलत केलेला वॉर्म-अप हा अंगाचा होत असेल, चेंडूचा होत नाही. याउलट टोक पाहायचं तर ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन पिलीने 2014 मध्ये ताशी 280 किलोमीटरहून वेगाचा फटका नोंदवला होता. त्या वेगाला एका फटक्यातली ऊर्जा 70 ज्यूलच्या वर जाते. सामन्यात कोणी सतत असा मारत नाही, पण दुहेरी पिवळा कोणाच्या हातांसाठी घडवला आहे याचा अंदाज यावरून येतो.

उदाहरण अजून संपलेलं नाही. समजा या पुणेकर जोडीचा खेळ चेंडूला कोर्टापेक्षा 15 अंश जास्त गरम ठेवण्याइतका आहे. जानेवारीत त्यांचा चेंडू 29 अंशांवर स्थिरावेल. मानकाच्या दोन टोकांमध्ये सरळ रेषा धरली, तर या तापमानाला दुहेरी पिवळा उसळेल 16 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे थंड शिकाऊ चेंडूला जी किमान अट आहे तिच्याही जरा खाली. आता हीच जोडी मे महिन्यात मुंबईला वातानुकूलन नसलेल्या कोर्टात उतरली. कोर्ट 32 अंश. चेंडू 47 वर जाईल, म्हणजे मानकातल्या गरम टोकाच्याही थोडा पुढे. खेळाडू तेच, फटके तेच, ठिपका तोच, आणि चेंडू दोन. पुण्यात त्यांना वाटेल आपला खेळ बसला, मुंबईत वाटेल आपण एकदम सुधारलो.

म्हणूनच वर्षभर एकच ठिपका वापरण्याचा आग्रह मला पटत नाही. याच जोडीने जानेवारीत एका पिवळ्याचा, किंवा सरळ लाल ठिपक्याचा चेंडू घेतला आणि मेमध्ये दुहेरी पिवळा, तर दोन्ही ऋतूंत त्यांना जवळपास सारखा खेळ मिळेल. मुंबईतल्या थंडगार वातानुकूलित कोर्टालाही पुण्याच्या हिवाळ्याचाच नियम लावावा. प्रेक्षकांसाठी मांडलेल्या काचेच्या कोर्टांवरही गारव्याचा प्रश्न येतो. हवा थंड असली की स्पर्धेतले खेळाडूही चेंडू मेल्याची तक्रार करतात.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. कोकणपट्टीत जुलैच्या दमट हवेत प्लास्टरच्या भिंती घामेजतात. चेंडू अशा भिंतीवर पकड न घेता घसरतो आणि खाली, जलद निघून येतो. हा दोष तापमानाचा नाही, म्हणून ठिपका बदलून तो जात नाही. भिंत पुसणं आणि कोर्ट हवेशीर ठेवणं एवढाच इलाज.

उंचीचाही एक स्वतंत्र परिणाम आहे, आणि तिथे मघाशी बाजूला ठेवलेली आतली हवा पुन्हा महत्त्वाची ठरते. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवर आहे. तिथे बाहेरच्या हवेचा दाब समुद्रकाठच्या तीन चतुर्थांश उरतो. चेंडूच्या आत मात्र कारखान्यात बंद झालेली हवा तशीच असते. आत आणि बाहेर यांच्यातली ही तफावत तापण्याने पडणाऱ्या फरकाच्या तिप्पट भरते. चेंडू टणक होतो, शिवाय विरळ हवेत त्याला अडथळाही कमी होतो. अशा गावांसाठी दुहेरी पिवळ्याहूनही मंद चेंडू काढले गेले, त्यातला नारिंगी ठिपक्याचा जुन्या खेळाडूंना आठवत असेल. पुण्याची उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास. एवढ्याने फारसा फरक पडत नाही. पुण्याचा प्रश्न थंडीचा आहे.

आता प्रत्यक्ष तापवण्याकडे येऊ. सामन्याआधी दोन्ही खेळाडूंनी कोर्टात एकत्र जाऊन चेंडू तापवायचा, हे नियमांतच आहे. सध्याच्या नियमांत त्यासाठी जास्तीत जास्त चार मिनिटं मिळतात. दोन मिनिटांनी बाजू बदलायची, म्हणजे दोघांनाही फोरहँड आणि बॅकहँड दोन्हीकडून मारता येतं. पूर्वी हा वेळ पाच मिनिटांचा होता. चेंडू मारायची संधी दोघांना सारखी मिळाली पाहिजे, आणि एखाद्याने तो फार वेळ स्वतःकडेच खेळवत ठेवला तर पंच ते गैरवर्तन धरू शकतो. नियमातला शब्दप्रयोग चेंडू तापवण्याचा आहे, हे विसरू नये. स्नायू मोकळे करायचे ते कोर्टात शिरण्याआधी.

मघाचा दीडशे फटक्यांचा हिशेब या चार मिनिटांवर ठेवून पाहिला तर गणित बरोबर घट्ट बसतं. दर दीड-पावणेदोन सेकंदांना एक फटका पडला तर चार मिनिटांत साधारण तेवढे होतात. म्हणजे वाया घालवायला एकही मिनिट नाही. सुरुवातीला चेंडू इतका मेलेला असतो की जमिनीवरून उचलायलाच वाकावं लागतं. म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटात स्वतःकडे दोन-तीन सरळ फटके, समोरच्या भिंतीपासून जरा जवळ उभं राहून. अंतर कमी, म्हणून फटके जास्त. चेंडू जीव धरू लागला की मागे सरकायचं आणि सर्व्हिसच्या रेषेच्या वर, जोरात, तिरका फटका समोरच्या खेळाडूकडे. त्यानेही एक-दोन स्वतःकडे मारून परत द्यायचा. व्हॉली याच टप्प्यात घ्यावी, म्हणजे चेंडू जमिनीवर रेंगाळत नाही. ड्रॉप आणि बोस्ट यांचा सराव या चार मिनिटांत करणं म्हणजे जमवलेली ऊब घालवणं.

कोर्टात जाण्याआधी चेंडू खिशात किंवा मुठीत धरला तर काय होतं? तळहाताचं तापमान तिशीच्या थोडं वर. 14 अंशांचा चेंडू बऱ्यापैकी वेळ मुठीत राहिला तर तो अर्ध्या वाटेपर्यंत आपोआप येतो. हिवाळ्यात ही सवय खरंच उपयोगी आहे. बुटाच्या तळव्याखाली चेंडू दाबून जमिनीवर घोळवण्याची पद्धतही सर्वत्र आहे. त्यात रबर दाबलं-सोडलं जातं म्हणून ते खरोखर तापतं, पण पुढचं काम रॅकेटनेच करायला लागतं. उकळतं पाणी किंवा केस वाळवायचं यंत्र मात्र वापरू नये. जोडावरचा चिकटवा हा चेंडूचा सर्वांत नाजूक भाग आहे, आणि बाहेरून दिलेल्या कडक उष्णतेने तोच आधी सुटतो.

चेंडू तयार झाला की नाही हे पाहायला थर्मामीटर लागत नाही. खांद्याच्या उंचीवरून तो सरळ सोडावा. थंड असेल तर पिंढरीच्या खालच्या भागापर्यंतच येईल. तयार असेल तर गुडघ्याच्या जरा खाली पोहोचेल. मुठीत घेतला तर 45 अंशांचा चेंडू हाताला स्पष्ट गरम लागतो, कोमट नव्हे. भिंतीवरचा आवाजही बदलतो. थंड चेंडू बद्द वाजतो, तापलेला टणत्कार करतो. आणि सर्वांत भरवशाची खूण मागच्या भिंतीची आहे. खोल मारलेला ड्राइव्ह जमिनीवर टप्पा घेऊन मागच्या भिंतीवरून परत बाहेर आला, खेळता येईल इतका बाहेर आला, तर चेंडू खेळायला तयार. पूर्ण सामनाभर तो कोपऱ्यातच मरत असेल तर ठिपका चुकला आहे.

ठिपका चुकल्याने नुसती रॅली छोटी होत नाही, शिकणंच वाकडं होतं, आणि याची मला जास्त काळजी वाटते. थंड डबल डॉटने खेळणाऱ्या नवख्यांच्या खेळात सर्व्हिस कोपऱ्यात पडली की गुण, कसाही ड्रॉप टिनच्या वर लागला की गुण. तिसऱ्या-चौथ्या फटक्याला रॅली संपते. चेंडू टप्प्यानंतर वर येतच नाही, म्हणून खेळाडू कमरेतून वाकून, मनगटाने खरवडून तो काढायला शिकतो. रॅकेट वर घेऊन, बाजूला उभं राहून, पूर्ण झोका घेण्याची सवय त्याला लागतच नाही, कारण तेवढा वेळच मिळत नाही. मागच्या भिंतीवरून येणारा चेंडू खेळणं हे या खेळातलं महत्त्वाचं कौशल्य, ते शिकायची वेळच येत नाही. शिवाय रॅली छोटी म्हणून चेंडू तापत नाही आणि तापत नाही म्हणून रॅली छोटी. लाल किंवा निळा ठिपका हे चक्र बाहेरून तोडतो. निळ्यावर दहा-बारा फटक्यांच्या रॅली सहज होऊ लागल्या की लाल घ्यावा. लाल मागच्या भिंतीवरून जास्तच बाहेर येऊ लागला, फटके संपतच नाहीत असं झालं की एक पिवळा. आणि एका पिवळ्याबाबत तेच झालं की मगच दोन. शिक्षकांनी मुलांना हे ठिपके क्रमाने द्यावेत, आणि हिवाळ्यात एक पायरी मागे यायला संकोच करू नये.

उलट बाजूची चूकही होते. उन्हाळ्यात, गरम कोर्टात, दोन दणकट खेळाडू लाल ठिपक्याने खेळत असतील तर चेंडू सतत मागच्या भिंतीवर उंच आदळतो. कोणाचाच फटका कोणाला हरवत नाही आणि ज्याचा दम जास्त तो जिंकतो. फटक्याच्या अचूकतेला किंमत उरत नाही. अशा जोडीला दुहेरी पिवळाच हवा, मग ती क्लबात कितव्याही पायरीवर असो.

तापमान सामन्याच्या मध्येही हलतं. दोन गेममधल्या विश्रांतीत चेंडू जमिनीवर पडून राहिला तर काही अंश गमावतो, म्हणून तो हातात किंवा खिशात ठेवणं बरं, आणि नवीन गेमआधी त्याला चार-सहा जोरदार फटके द्यावेत. हे ओळखणारा खेळाडू गेमच्या पहिल्या दोन गुणांत ड्रॉप लवकर मारतो, कारण त्या वेळी चेंडू बसतो. आणि ज्याला लांब रॅली हव्यात तो सुरुवातीला खोल आणि जोरात खेळून चेंडू पुन्हा तापवतो. छोट्या रॅलींची मालिका लागली, टॉवेल-पुसणी लांबली, तरी हाच परिणाम होतो.

जुना चेंडूही ठिपक्याची भाषा मोडतो. काही सामन्यांनंतर खरबरीत पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत होतो. मग तो भिंतीवर पकड घेत नाही, घसरतो, आणि दिसायलाही अवघड होतो. बरेच जण अशा चेंडूला ‘वेगवान झाला’ म्हणतात, पण त्याची उसळी वाढलेली नसते, तो नुसता घसरत असतो. तडा जाण्याची सुरुवात बहुधा जोडापासून होते. अंगठ्याने जोडाच्या दोन्ही बाजू दाबून पाहिल्या तर बारीक फट दिसते. फुटत आलेला चेंडू आधी आवाजातून सांगतो, फटक्याचा नाद फाटका येतो, आणि टप्पा वेडावाकडा पडू लागतो.

रॅलीत चेंडू फुटला तर नियमाप्रमाणे लेट मिळतो, ती रॅली पुन्हा खेळली जाते. नवा चेंडू येतो तो पिशवीतला, थंड, आणि समोर गुण असतो 9-9. तो तापवून घ्यायला नियम मुभा देतात, आणि ती पूर्ण वापरावी. घाई करून थंड चेंडूने सर्व्हिस करणाऱ्याला कोपऱ्यात फुकटचा गुण मिळू शकतो, म्हणून घेणाऱ्यानेच आग्रहाने तो तापवून मागावा. सामन्याच्या दिवशी त्याच ठिपक्याचा दुसरा चेंडू पिशवीत न ठेवता ट्रॅकसूटच्या खिशात ठेवणारे खेळाडू असतात. तो निदान तिशीच्या आसपास राहतो आणि तापवायचा निम्मा वेळ वाचतो.